बँकेत पैसे वाढले, तरी तूट कशी?

*प्रश्न : आमची जुळे सोलापुरात चोवीस फ्लॅटची सोसायटी आहे आणि दोन वर्षांपासून मी खजिनदार आहे. २०२४-२५ चे हिशेब तयार झाले. जमाखर्चात बँकेची शिल्लक ७९ हजारांनी वाढलेली दिसते आणि उत्पन्न-खर्च पत्रकात २६ हजारांची तूट. कमिटीच्या बैठकीतच एक सभासद म्हणाले, "पैसे वाढलेत की ओ, मग तूट कुठून आणली?" ऑडिटर म्हणतात, दोन्ही बरोबर. पण सभेत मी लोकांना काय सांगू? दोन्हीपैकी एकच पत्रक मांडलं तर चालेल का? आकडे सोबत पाठवत आहे. – एक खजिनदार, जुळे सोलापूर*

ताई, एकच पत्रक मांडून चालणार नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० आणि त्याखालच्या १९६१ च्या नियमांप्रमाणे कमिटीनं वर्षाचा जमाखर्च, नफा-तोटा म्हणजे आपलं उत्पन्न-खर्च पत्रक आणि ताळेबंद अशी तिन्ही पत्रकं करायची असतात. नफा-तोटा आणि ताळेबंदासाठी 'एन' नमुना ठरलेला आहे. ही पत्रकं ऑडिटरच्या सहीनिशी अहवालाला जोडावीच लागतात. सभासदांना समजावं म्हणून त्यांच्यापुढे आणखी एक पान ठेवायला मात्र कुणाची आडकाठी नाही, आणि तुमचा प्रश्न त्या एका पानानं सुटेल.

ऑडिटरनी सांगितलं ते खरं आहे, तुमचे दोन्ही आकडे मी जुळवून पाहिले. घोळ हिशेबात नाही, मांडणीत आहे. पत्रकं समोरासमोर धरून पाहा. जमाखर्चात डावीकडे जमा असते आणि उजवीकडे खर्च, जुन्या किर्दीला धरून. उत्पन्न-खर्च पत्रकात बरोबर उलट, डावीकडे खर्च आणि उजवीकडे उत्पन्न. सभासद एक पान उलटतो, डावी बाजू डाव्या बाजूशी ताडून बघतो आणि तिथंच त्याची गाडी घसरते. शिवाय एका पत्रकात आरंभीची शिल्लक आहे, दुसऱ्यात नाही. एकात पंपाचे साठ हजार आहेत, दुसऱ्यात त्याच पंपाचा फक्त घसारा. सभेत पंधरा मिनिटांत हे कुणाच्या लक्षात येणार? आणि माईक हातात आला की शंका विचारणारा माणूस शंकेवर थांबतही नाही, लगेच आरोपावर येतो.

म्हणून दोन पत्रकं वेगवेगळी वाचून दाखवू नका. एकाच कागदावर प्रत्येक बाबीसमोर दोन रकाने घ्या : पहिल्यात वर्षभरात प्रत्यक्ष आलेले किंवा गेलेले पैसे, दुसऱ्यात त्या वर्षाचं म्हणून धरलेलं उत्पन्न किंवा खर्च. तुमच्या आकड्यांनी तो कागद असा होतो :

| बाब | रोख व बँकेतून (जमाखर्च) | वर्षाचे (उत्पन्न-खर्च) |
|---|---|---|
| मेंटेनन्स, चालू वर्षाचे | ३,७८,००० | ४,३२,००० |
| मेंटेनन्स, मागील थकबाकी | ३६,००० | – |
| मेंटेनन्स, पुढील वर्षाचे आगाऊ | २७,००० | – |
| सिंकिंग व दुरुस्ती फंड | १,२०,००० | – |
| बचत खात्याचे व्याज | ४,००० | ४,००० |
| एकूण आले | ५,६५,००० | ४,३६,००० |
| वॉचमन व सफाई पगार | २,२८,००० | २,२८,००० |
| जिन्याची लाइट व पंपाचे वीजबिल | ७२,००० | ७२,००० |
| पाण्याचे टँकर | ७२,००० | ९६,००० |
| किरकोळ दुरुस्ती, प्लंबिंग | ३८,००० | ३८,००० |
| ऑफिस, ऑडिट फी व इतर | १६,००० | १६,००० |
| नवीन पंप | ६०,००० | – |
| घसारा | – | १२,००० |
| एकूण गेले | ४,८६,००० | ४,६२,००० |
| फरक | ७९,००० वाढ | २६,००० तूट |

पहिल्या रकान्याखाली आणखी एक ओळ टाका : आरंभीची शिल्लक १,१५,०००, त्यात ७९,००० मिळवून ३१ मार्चची अखेर शिल्लक १,९४,०००. हा आकडा रोख आणि बँक मिळून आहे. पासबुकात तो तंतोतंत दिसेलच असं नाही, कारण ३१ मार्चला दिलेला एखादा चेक एप्रिलमध्ये वटतो. सभेत कुणीतरी पासबुक उघडून विचारतंच, तेव्हा तसे चेक असतील तर त्यांची यादी हाताशी ठेवा.

आता हा कागद वाचून दाखवायची पद्धत. ज्या ओळींत दोन्ही रकाने सारखे आहेत, म्हणजे पगार, वीज, किरकोळ दुरुस्ती, ऑफिसखर्च, व्याज, तिथं थांबूच नका. राहतात त्या मेंटेनन्सच्या तीन ओळी, फंड, टँकर, पंप आणि घसारा. सगळं भांडण या सात ओळींत आहे.

मेंटेनन्सपासून सुरुवात करा. चोवीस फ्लॅट, दरमहा १,५०० रुपये, बारा महिने : ४,३२,०००. एवढी बिलं निघाली म्हणून एवढं उत्पन्न, मग कुणी भरलेलं असो वा नसो. भरले ३,७८,०००, राहिले ५४,०००. ते येणे म्हणून ताळेबंदात बसतात. मागच्या वर्षीच्या थकबाकीचे ३६,००० यंदा आले, पण ते उत्पन्न मागच्याच वर्षी धरून झालं होतं. यंदा पुन्हा धरलं तर एकच पैसा दोनदा मोजला जाईल. आणि ज्यांनी पुढच्या वर्षाचे २७,००० आगाऊ भरले, त्यांचं सोसायटी देणं लागते. एप्रिलपासून त्यांचं बिल निघेल तसतसं ते उत्पन्न होईल.

टँकरचं सोलापुरात वेगळं सांगायला नको. उजनीचं पाणी नळाला येतं, पण काही दिवसांच्या अंतरानं, आणि मार्च लागला की टाकी भरायला टँकर बोलवावाच लागतो. तुमच्याकडे मार्चमध्ये आलेल्या टँकरचं २४,००० चं बिल टँकरवाल्याला एप्रिलमध्ये दिलं गेलं. पाणी मार्चमध्ये वापरलं, म्हणजे खर्च २०२४-२५ चाच. जमाखर्चात तो दिसत नाही, कारण ३१ मार्चपर्यंत पैसा हललेलाच नव्हता.

नुसत्या जमाखर्चावर भरवसा का ठेवायचा नाही, ते इथं उघड होतं. मार्चची चार-पाच बिलं एप्रिलवर ढकलली की कोणत्याही खजिनदाराला ३१ मार्चची शिल्लक घसघशीत दाखवता येते, आणि त्यात एकही आकडा खोटा नसतो. तुम्ही तसं केलंय असं मी म्हणत नाही. पण जुन्या कमिटीचे कागद काढाल तेव्हा एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात गेलेले चेक नक्की बघा. ती बिलं मार्चची असतील आणि मार्चअखेरच्या देण्यांत ती नसतील, तर त्या वर्षाचा वाढावा तेवढा फुगवलेला आहे.

पंपाचं सोपं आहे. साठ हजार एकदम गेले, पण पंप एका वर्षात संपला नाही. १५ टक्के दरानं त्याचे ९,००० आणि जुन्या सामानाचे ३,००० मिळून १२,००० घसारा वर्षाच्या खर्चात आला. उरलेले ५१,००० पंपाची किंमत म्हणून ताळेबंदात राहिले. "घसारा कुणाला दिला?" असा प्रश्न सभेत हमखास येतो. उत्तर एवढंच : कुणालाच नाही, म्हणून पहिल्या रकान्यात तिथं रेघ आहे.

मला खरी काळजी वाटली ती फंडाच्या ओळीची. सिंकिंग आणि दुरुस्ती फंडाचे फ्लॅटमागे ५,००० प्रमाणे १,२०,००० सगळ्यांनी भरले, हे चांगलं झालं. हे पैसे उत्पन्न नव्हेत. पुढं इमारतीच्या मोठ्या कामासाठी सभासदांनी बाजूला ठेवायला दिलेली ती रक्कम आहे, म्हणून ती थेट ताळेबंदात फंडाच्या नावावर जाते. ऑडिटरनी ती उत्पन्नात घेतली नाही, हे बरोबरच. पण कागद बघता ती रक्कम वर्षभर बचत खात्यातच पडून राहिली. तिची ठेव झालेली नाही. तुमच्या बँकेत वाढलेले ७९,००० म्हणजे मुख्यतः हेच पैसे.

अखेरच्या १,९४,००० ची फोड करून पाहा. त्यातले १,२०,००० फंडाचे. २७,००० आगाऊ भरलेल्यांचे. २४,००० टँकरवाल्याचे. उरले २३,०००. सोसायटीला मोकळेपणानं वापरता येतील असे तेवढेच. आरंभीच्या १,१५,००० मध्ये असं कुणाचं देणं नव्हतं असं तुम्ही कळवलंय. म्हणजे वर्षभरात मोकळा पैसा ९२ हजारांनी घटला, आणि बँकेचा आकडा मात्र ७९ हजारांनी वाढला. कमिटीतल्या त्या सभासदांना ही फोड दाखवा. दोन्ही पत्रकं शेजारी ठेवूनही जे दिसत नाही, ते या चार ओळींत दिसतं. त्या चार ओळी कागदाच्या तळाशी, चौकटीत, मोठ्या अक्षरात छापा.

एवढ्यावरही एखादा गृहस्थ म्हणेल, "ते सगळं ठीक, पण उणे २६ हजारांवरून अधिक ७९ हजारांवर कसं आलात ते एका दमात सांगा." बँकेतून निवृत्त झालेला एक तरी प्रत्येक सोसायटीत असतोच. त्याच्यासाठी ही साखळी पाठ करून ठेवा. तूट २६,०००. घसाऱ्याचे १२,००० कुठं गेलेच नाहीत म्हणून ते परत मिळवा, तूट उरली १४,०००. टँकरचे २४,००० द्यायचे राहिले, ते मिळवा, आता १०,००० जास्त. मागच्या थकबाकीचे ३६,००० आले, झाले ४६,०००. यंदाचे ५४,००० आले नाहीत, ते वजा, पुन्हा ८,००० कमी. आगाऊचे २७,००० मिळवा, १९,००० जास्त. फंडाचे १,२०,००० मिळवा, १,३९,०००. पंपाचे ६०,००० वजा. राहिले ७९,०००. पुढच्या वर्षी तुमचे आकडे या साखळीनं जुळले नाहीत, तर बहुतेक वेळा कारण एकच असतं : एखादं येणे किंवा देणे एका पत्रकात घेतलं आणि दुसऱ्यात विसरलं. तसं काही सापडलं नाही, तर फरकाला दोननं भागून बघा. भागून आलेली रक्कम किर्दीत ओळखीची वाटली, तर ती चुकीच्या बाजूला पडलेली आहे.

तुमच्या सोसायटीत अजून झालेल्या नाहीत, पण शेजारच्या सोसायट्यांच्या कागदांत मला वारंवार दिसतात अशा दोन चुका सांगून ठेवतो. पहिली : फंडाची वर्गणी उत्पन्नात धरणे. तुमच्याच आकड्यांवर ती केली, तर २६,००० ची तूट जाऊन ९४,००० चा वाढावा दिसेल. सभा टाळ्या वाजवेल, कुणीतरी मेंटेनन्स कमी करायचा ठराव मांडेल आणि तो मंजूरही होईल. मग गच्चीचं वॉटरप्रूफिंग निघालं की फंडात खडखडाट. दुसरी चूक याच्या उलट : ठेव ठेवली की ती खर्चात टाकणे. जमाखर्चात ठेव जाणाऱ्या बाजूला येते ते बरोबर, पण उत्पन्न-खर्चात तिचं काही काम नाही. पैसा सोसायटीचाच आहे, फक्त एका खात्यातून दुसऱ्यात गेला. दोन्ही चुका पत्रक हातात घेतल्या घेतल्या कळतात. उत्पन्न-खर्च पत्रकात 'फंड वर्गणी', 'मुदत ठेव' किंवा 'आरंभी शिल्लक' यातला एकही शब्द दिसला, तर पुढचं न वाचता ते परत करा. मेंटेनन्सचा आकडा दोन्ही पत्रकांत अगदी सारखा असेल तरी संशय घ्या, कारण चोवीसच्या चोवीस फ्लॅटनी वेळेवर, ना मागे ना पुढे, पैसे भरलेत अशी सोसायटी विरळा.

दुसऱ्या रकान्यालाही मर्यादा आहेत, हे सभेत कबूल करा. तिथल्या ४,३२,००० मध्ये न आलेले ५४,००० आहेत. ते येतील असं गृहीत धरलेलं आहे. थकबाकी दोघातिघांचीच असेल आणि वर्षानुवर्षं तीच नावं असतील, तर तुमची खरी तूट कागदावरच्या २६ हजारांपेक्षा मोठी आहे. थकबाकीचं वयानुसार छोटं पत्रक करा, सहा महिन्यांच्या आतली किती आणि वर्षावरची किती. नावं जाहीर करायची की फ्लॅट नंबर द्यायचे, ते कमिटीनं ठरवावं. माझं मत नंबरांच्या बाजूचं आहे, कारण नावं वाचली की सभा हिशेब सोडून माणसांवर घसरते.

तूट का आली, याचंही उत्तर याच कागदात आहे. २६,००० ला चोवीस फ्लॅट आणि बारा महिन्यांनी भागा. फ्लॅटमागे महिन्याला साधारण ९० रुपये. म्हणजे १,५०० रुपयांत सोसायटी चालत नाही, जवळजवळ १,५९० लागतात. "२६ हजार तूट" म्हटलं की लोकांना अफरातफर आठवते. "फ्लॅटमागे महिन्याला ९० रुपये कमी पडतात" म्हटलं की ते टँकरच्या ९६ हजारांकडे बोट दाखवतात, आणि चर्चा व्हायला हवी ती तिथंच. मेंटेनन्स १,६०० केला आणि खर्च एवढाच राहिला, तर व्याज धरून वर्षाला २,८०० उरतील, फार नाही. टँकर कमी करायचा उपाय कुणाकडे असेल तर त्यानं आधी बोलावं, वाढीचा ठराव नंतर घ्या.

आता कामाला लागा. सर्वसाधारण सभा वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत व्हायला हवी. हा दोन रकान्यांचा कागद सभेच्या नोटिशीबरोबरच प्रत्येक घरी द्या, सभेत वाटू नका. हातात पडल्या पडल्या लोक आकडे शोधत बसतात आणि तुमचं बोलणं कुणी ऐकत नाही. कागदावर 'ऑडिट झालेल्या पत्रकांवरून सभासदांच्या माहितीसाठी' एवढी ओळ छापा आणि आकडे ऑडिटच्या पत्रकांशी रुपयापर्यंत जुळताहेत ना, ते ऑडिटरकडून एकदा बघून घ्या. मागच्या वर्षाचे दोन रकाने शेजारी देता आले तर उत्तम. जागा पुरत नसेल तर निदान दुसऱ्या रकान्याचे मागचे आकडे द्या.

आणि सभेची वाट न पाहता कमिटीची बैठक बोलावून फंडाचे १,२०,००० अधिनियमाच्या कलम ७० मध्ये चालणाऱ्या ठिकाणी ठेवीत टाका. पावतीवर सोसायटीचं नाव आणि ठरावात 'सिंकिंग व दुरुस्ती फंडाची गुंतवणूक' असा स्पष्ट उल्लेख हवा. कुणी सभेत विचारलं, "वर्षभर का ठेवले नाहीत?" तर सबब सांगू नका. पावतीचा नंबर आणि तारीख सांगा. पुढच्या वर्षीच्या कागदात ही ठेव पहिल्या रकान्यात जाणाऱ्या बाजूला दिसेल, दुसऱ्यात तिच्यासमोर रेघ असेल, आणि बँकेची शिल्लक एकदम कमी झालेली दिसेल. तेव्हा तेच सभासद उलटा प्रश्न विचारतील, तर यंदाचा कागद फाइलला लावून ठेवा.